तडा कुठून सुरू झाला, ते लिहा

मे महिन्यातला शनिवार. आमच्या वाचनालयात ग्राहक मार्गदर्शनाचं एक टेबल असतं, तिथे मी दर आठवड्याला दोन तास बसते. त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिका काकूंनी कापडी पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं मिक्सरचं भांडं काढून माझ्यासमोर ठेवलं. पारदर्शक, मोठं, ज्यूसचं भांडं. मुठीच्या खालच्या टोकापासून तळाकडे बोटभर लांबीचा तडा गेलेला. "धनत्रयोदशीला घेतलं हो. सात महिनेसुद्धा झाले नाहीत. दोन वर्षांची वॉरंटी आहे म्हणाला होता, आणि आता म्हणतो तुटफुटीला वॉरंटी नसते."

भांड्याबरोबर त्यांनी दुकानदाराला दिलेल्या पत्राची प्रतही आणली होती. दोन पानं, सुंदर अक्षर, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. ग्राहकाला देव मानावं, दुकानात आपल्याला कसं तुटकपणे बोलण्यात आलं, आजकाल मालाचा दर्जा कसा घसरला आहे, हे सगळं त्यात होतं. बिल क्रमांक नव्हता. मिक्सरचं मॉडेल नव्हतं. भांडं कधी तडकलं, त्या वेळी त्यात काय होतं, तडा नेमका कुठे आहे, यातलं काही नव्हतं. आणि शेवटी "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं होतं. योग्य म्हणजे काय? भांडं बदलून हवं, दुरुस्त करून हवं की पैसे परत हवेत? दुकानदाराला त्यातून काहीच कळत नव्हतं. नऊ दिवस उलटले होते आणि उत्तर आलं नव्हतं.

काकूंचा राग खरा होता आणि तक्रारही खरी होती. पण दुकानदाराने जो एकच मुद्दा काढला होता, "हे पडून फुटलंय", त्याला दोन पानांत कुठेही उत्तर नव्हतं. मिक्सरच्या भांड्याची तक्रार जवळजवळ नेहमी याच मुद्द्यावर अडते. मोटर जळली तर ती तुम्ही आपटलीत असं सहसा कोणी म्हणत नाही. भांड्याचं तसं नसतं. ते रोज हाताळलं जातं, धुतलं जातं, ओट्यावरून निसटू शकतं. त्यामुळे तडा दिसला की समोरचा माणूस पहिल्यांदा पडण्याचीच शंका घेतो. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी आम्ही भांडं वाचायला बसलो.

तडा काय सांगतो

ही पारदर्शक भांडी बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असतात. हेल्मेटच्या पुढची काचही याच प्लास्टिकची करतात, कारण धक्का सोसण्यात ते फार चिवट आहे. मग तसलं भांडं स्वयंपाकघरात, नुसतं ठेवल्याजागी कसं तडकतं? कारण त्याचं दुखणं वेगळं आहे. एखाद्या जागी ते सतत ताणाखाली राहिलं, उदाहरणार्थ स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला गेला किंवा साच्यातून निघताना आतच ताण राहून गेला, तर त्या जागी ते हळूहळू थकतं. त्यात तेलाचा अंश, धुण्याचा सोडा किंवा अमोनिया असलेलं क्लिनर लागत राहिलं, की एक दिवस बारीक चीर उघडते. त्या दिवशी कोणी काही केलेलं नसतं. चूक कित्येक महिने आधीच होऊन गेलेली असते.

आपटून गेलेला तडा निराळा दिसतो. जिथे मार बसला तिथे खरवडल्याची खूण असते, प्लास्टिक थोडं पांढुरकं पडतं, आणि त्या एका बिंदूपासून दोन-तीन दिशांना रेषा फुटतात. ही जागा बहुतेक वेळा भांड्याचा काठ किंवा तळाची कड असते, कारण पडताना तेच आधी लागतं. उकळतं टोमॅटो ओतून किंवा सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून खराब झालेलं भांडं आणखी वेगळं दिसतं. त्यावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं येतं आणि प्लास्टिक धुरकट होतं. ताणातून गेलेला तडा मात्र सहसा एकेरी असतो. स्क्रूच्या भोकापासून किंवा एखाद्या कोपऱ्यापासून निघतो, सुरुवातीला ठळक असतो आणि टोकाला इतका बारीक होत जातो की नखालाही लागत नाही.

काकूंचं भांडं खिडकीशी नेलं, मागे काळं कापड धरलं आणि वाचनालयातल्या भिंगातून पाहिलं. मूठ दोन स्क्रूंनी बसवली होती, एक वर आणि एक खाली. तडा खालच्या स्क्रूच्या भोकातून निघून सरळ खाली चार सेंटीमीटर गेला होता. काठावर ओरखडा नाही, तळाच्या कडेला पांढुरका डाग नाही, आतल्या बाजूला पात्याने घासल्याच्या गोल रेघा नाहीत. बाकीचं भांडं नव्यासारखं स्वच्छ.

तिथे अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा अभ्यासाला बसला होता. त्याने लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा केला, भांडं त्याच्यापुढे धरलं आणि स्वतःचा पोलराइज्ड गॉगल काकूंच्या हातात दिला. त्यातून पाहिलं तर वरच्या, अजून न तडकलेल्या स्क्रूभोवती इंद्रधनुष्यासारखे रंगांचे पट्टे दाटून आले होते. प्लास्टिकमध्ये जिथे ताण असतो तिथे असे रंग दिसतात. साच्यात ओतलेल्या बहुतेक पारदर्शक वस्तूंत ते थोडेफार असतातच, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे आणि आम्ही तो पत्रात घातलाही नाही. पण तडा स्क्रूपाशीच का सुरू झाला असावा, हे काकूंना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. त्यांचा आवाज तिथून बदलला. "म्हणजे माझ्या हातून काही झालं नाही," त्या म्हणाल्या. गेले नऊ दिवस ही शंका त्यांच्याही मनात होती.

इथे एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारावी लागते. भांडं खरंच पडलं होतं का? गरम पदार्थ ओतला होता का? माहितीपुस्तिकेत बर्फ घालू नका असं लिहिलं असताना घातला होता का? उत्तर हो असेल तर ती वॉरंटीची तक्रार होत नाही, आणि खोटं लिहिलं तर तपासणीत तडाच ते उघडं पाडतो. काकूंना मी हे तिन्ही प्रश्न विचारले. त्या दिवशी भांड्यात आंब्याचा थंड रस होता. रस काढून झाला, भांडं साध्या साबणाने धुतलं, पालथं घातलं आणि संध्याकाळी उचलताना तडा दिसला.

वॉरंटी कार्ड शब्दाशब्दाने

मग कार्ड काढलं. आपल्याकडे कार्डावरचा वर्षांचा आकडा वाचतात आणि बाकीचा बारीक मजकूर राहून जातो. मिक्सरच्या कार्डावर मोटरला एक मुदत आणि बाकी यंत्राला दुसरी, असं बऱ्याचदा असतं. त्यानंतर काय वगळलं आहे त्याची यादी येते, आणि भांड्याचं भवितव्य त्या यादीत असतं.

काकूंच्या कार्डावर लिहिलं होतं की अपघाताने किंवा गैरवापराने झालेली तुटफूट वॉरंटीत धरली जाणार नाही. दुकानदाराने त्यातलं "तुटफूट" उचललं होतं आणि "अपघाताने किंवा गैरवापराने" सोडून दिलं होतं. सगळा वाद या तीन शब्दांत होता. कार्ड तुटफूट वगळत नव्हतं, अपघाती तुटफूट वगळत होतं. अपघात झालेला नसेल तर ते कलम लागूच होत नाही.

काही कार्डांवर "सर्व प्लास्टिकचे भाग वगळून" असं सरसकट लिहिलेलं असतं. तसं असेल तर वॉरंटीच्या आधारे मागणी लंगडी पडते, हे आधीच समजून घ्यावं. पण तिथेही सगळं संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "दोष" या शब्दाची व्याख्या आहे. मालाच्या दर्जात, प्रमाणात किंवा कायद्याने अथवा कराराने अपेक्षित असलेल्या मानकात राहिलेली कमतरता म्हणजे दोष. तो करार लेखीच असला पाहिजे असं नाही, गृहीत धरलेला करारही त्यात येतो. मिक्सरचं भांडं रस काढायला वापरता यावं, ही अपेक्षा कार्डावर न लिहिताही खरेदीत गृहीत असते. फरक इतकाच की अशा वेळी दोष मुळातला होता हे दाखवण्याचं ओझं आपल्यावर जास्त येतं.

दुकानदाराचं दुसरं ठरलेलं उत्तर असतं, "आमचा संबंध नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." सर्व्हिस सेंटरकडे तक्रार नोंदवायला हरकत नाही, उलट नोंदवावीच, कारण तिथे तक्रार क्रमांक मिळतो. पण पैसे दुकानदाराने घेतले आहेत आणि बिल त्याने दिलं आहे. विक्रीचा व्यवहार तुमच्यात आणि त्याच्यात झाला आहे. म्हणून पत्र दुकानदाराच्या नावे जातं आणि त्याची प्रत कंपनीला. कंपनीच्या ग्राहक सेवेचा पत्ता आणि फोन खोक्यावर छापलेला असतो. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर तो छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत खोकं रद्दीत देऊ नये. जागा नसेल तर निदान छापील बाजूचे फोटो काढून ठेवावेत.

पत्र

शेवटी पत्र लिहायला घेतलं. काकू म्हणाल्या, "मी वर्गात पत्रलेखन तीस वर्षं शिकवलंय." मी म्हटलं, "मग काकू, या वेळी विशेषणं काढून टाका आणि तारखा घाला." दीड तासात पत्र तयार झालं. त्यातली नावं आणि क्रमांक वगळून ते असं होतं :

दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
मा. मालक,
(दुकानाचं बिलावर आहे तसं नाव व पत्ता)

विषय : वॉरंटी कालावधीत तडा गेलेलं मिक्सरचं पारदर्शक भांडं विनामूल्य बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले बिल क्र. ....., दि. २९ ऑक्टोबर २०२४. २) कंपनीकडील तक्रार क्र. ....., दि. २४ मे २०२५. ३) माझे दि. १५ मे २०२५ चे पत्र.

महोदय,

मी आपल्या दुकानातून दि. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी (मॉडेल क्रमांक) हा तीन भांड्यांचा मिक्सर रु. ५,४९० ला खरेदी केला. मिक्सरच्या तळाशी असलेल्या पट्टीवरील अनुक्रमांक ..... असा आहे. वॉरंटी कार्डानुसार मिक्सरला दोन वर्षांची, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वॉरंटी आहे.

दि. ११ मे २०२५ रोजी सकाळी पारदर्शक भांड्यात आंब्याचा थंड रस काढला. भांडे साध्या साबणाने धुऊन पालथे ठेवले. संध्याकाळी मुठीखाली तडा दिसला. त्यानंतर भांडे वापरलेले नाही.

तडा मुठीच्या खालच्या स्क्रूच्या भोकापासून सुरू होऊन तळाकडे सुमारे ४ सें.मी. गेला आहे. भांड्याच्या काठावर, तळाच्या कडेवर किंवा अन्यत्र कोठेही आपटल्याची, खरवडल्याची खूण नाही. भांडे पडलेले नाही. त्यात गरम पदार्थ घातलेला नाही. तड्याची सुरुवात स्क्रूच्या भोकाशी असल्याने हा दोष जोडणीतील किंवा घडणीतील आहे, असे माझे म्हणणे आहे.

दि. १२ मे रोजी मी भांडे घेऊन दुकानात आले असता, तुटफुटीला वॉरंटी नसल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. वॉरंटी कार्डात केवळ "अपघाताने किंवा गैरवापराने" झालेली तुटफूट वगळली आहे. येथे दोन्ही झालेले नाही.

तरी माझी मागणी अशी आहे की, याच मॉडेलचे नवे पारदर्शक भांडे मला विनामूल्य द्यावे. ते उपलब्ध नसल्यास त्या भांड्याची किंमत परत करावी. आपले म्हणणे वेगळे असल्यास भांडे तपासून कारणांसह लेखी उत्तर द्यावे. तपासणीसाठी भांडे मी पोचपावती घेऊन आपल्याकडे देण्यास तयार आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मागणी पूर्ण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन, याची कृपया नोंद घ्यावी.

आपली,
(सही, नाव, पत्ता, फोन)

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, पाच फोटो.
प्रत : कंपनीचा ग्राहक सेवा विभाग.

प्रत्येक ओळ कशासाठी

या पत्रातला सगळ्यात वजनदार परिच्छेद तड्याचा आहे. "भांडं आपोआप फुटलं" असं लिहिलं असतं तर ते मत झालं असतं, आणि मतावर समोरच्याने आपलं मत मांडलं असतं. "स्क्रूच्या भोकापासून तळाकडे चार सेंटीमीटर" हे मात्र कोणालाही पट्टी लावून पाहता येतं. ज्याला नाकारायचं आहे त्याला आता भांडं हातात घेऊन नाकारावं लागतं. "असे माझे म्हणणे आहे" ही शब्दयोजनाही मुद्दाम आहे. दोष घडणीतला आहे हे सिद्ध करणारी प्रयोगशाळा आपल्याकडे नाही, मग सिद्ध झाल्याचा आव कशाला आणायचा? जे पाहिलं ते ठामपणे लिहायचं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष निष्कर्ष म्हणूनच मांडायचा.

दुसरी ओळ, "त्यानंतर भांडे वापरलेले नाही." तडा गेलेलं भांडं चालवणं धोक्याचं असतं. प्लास्टिकची कपची वाटणात जाऊ शकते आणि पातं फिरत असताना भांडं उघडूही शकतं. शिवाय तडा वाढला की तो मुळात कुठून निघाला हे ओळखता येत नाही आणि तुम्ही फुटलेलं भांडं वापरत राहिलात, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. त्याच कारणाने तड्याला फेविक्विक किंवा एम-सील लावू नये. भांडं हाच तुमचा साक्षीदार आहे, त्याच्या तोंडात काही भरू नये.

तिसरी गोष्ट मागणीची. काकूंना मानसिक त्रासाबद्दल दहा हजार मागायचे होते. त्रास झाला हे खरंच होतं. पण दुकानदाराला लिहिलेल्या पहिल्या पत्रात जे तो आजच्या आज देऊ शकतो तेच मागावं. नवं भांडं देणं त्याच्या हातात आहे, बहुतेकदा कंपनी त्याला ते भरूनही देते. दहा हजारांचा आकडा पाहिला की तो भांडं द्यायचं सोडून वकिलाला फोन लावतो. भरपाई मागायची वेळ आयोगापुढे येते आणि तिथे ती मागताही येते. "उपलब्ध नसल्यास किंमत" हा पर्याय मात्र आधीच लिहावा, नाहीतर "स्टॉक नाही, आला की कळवतो" यात महिने जातात.

फोटोंबद्दल थोडं. पाच फोटो पुरतात. पूर्ण भांडं, तड्याला लावलेल्या पट्टीसह जवळून, मागून उजेड घेऊन तड्याची सुरुवात दिसेल असा, काठ आणि तळाची कड स्वच्छ असल्याचा, आणि मिक्सरच्या तळाची अनुक्रमांकाची पट्टी. भांड्यावर स्वतंत्र अनुक्रमांक सहसा नसतो, त्यामुळे "हे भांडं याच मिक्सरचं कशावरून?" असा प्रश्न येऊ शकतो. म्हणून पहिल्या फोटोत भांडं मिक्सरवर बसवलेलं असावं आणि शेजारी खोकं. बिलाची प्रत मात्र खरेदीच्या दिवशीच काढायची असते. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. काकूंच्या बिलावरचे शेवटचे दोन आकडे जवळजवळ उडाले होते. ते त्यांना फोनमधल्या पैसे भरल्याच्या नोंदीवरून जुळवावे लागले.

पोच

पत्र लिहिण्याइतकंच ते पोचल्याचं दाखवता येणं महत्त्वाचं. काकूंनी पहिलं पत्र दुकानातल्या मुलाच्या हातात देऊन टाकलं होतं. ते मालकापर्यंत गेलं की नाही, हे आजही कोणाला माहीत नाही.

या वेळी पत्राच्या दोन प्रती घेऊन त्या स्वतः गेल्या. एक प्रत दिली आणि दुसरीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घेतली. हीच पोच. दुकानदार पोच द्यायला तयार नसेल तर वाद घालू नये. तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं, पावती जपून ठेवावी आणि पत्र पोचल्याची नोंद टपाल खात्याच्या संकेतस्थळावरून छापून घ्यावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायलाही हरकत नाही, पण ते जास्तीचं म्हणून.

आणि भांडं? ते मागितलं तर द्यावं, पण पावतीशिवाय देऊ नये. पावतीवर "एक पारदर्शक भांडं, मुठीखाली तडा, तपासणीसाठी" एवढं तरी लिहिलेलं असावं. नुसतं "एक जार" लिहून भांडं दिलं आणि परत आलं ते दोन तुकड्यांत, तर मूळ तडा कुठे होता हे सांगायला काही उरत नाही.

पंधरा दिवस

नवव्या दिवशी, ४ जूनला, काकूंना दुकानातून फोन आला. कंपनीचा माणूस दुकानात येणार आहे, भांडं घेऊन या. त्या गेल्या. त्या माणसाने भांडं उजेडात धरलं, अंगठा काठावरून फिरवला, मूठ पाहिली आणि दोन मिनिटांत म्हणाला, "हे स्क्रूचं आहे." दुकानदार गप्प होता. काकू सांगत होत्या की त्या माणसाने पत्र हातात धरून तड्याचा परिच्छेद आणि भांडं आळीपाळीने पाहिलं. भांडं जमा झालं, जॉबशीट मिळाली, आणि १० जूनला नवं भांडं आलं.

असं झालं नसतं तर? मग १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवायची. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवून तिचा पाठपुरावा करते. तिथे काही हाललं नाही तर जिल्हा आयोग. खरेदीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणं बंधनकारक नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तडा दिसला ती तारीख म्हणूनच पत्रात हवी.

आयोगापुढे आमनेसामने "पडलं" आणि "नाही पडलं" यावर वाद अडला, तर भांडं मोहोरबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. चाचणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितलं जाऊ शकतं. भांड्याच्या किमतीच्या मानाने हे लांबचं वळण आहे, हेही खरं. पण भांडं जपून ठेवलेलं असेल तरच ते वळण घेता येतं. आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि नुकसानभरपाईही देऊ शकतो. आणि त्या तक्रारीला जोडायचा पहिला कागद कुठला असतो? पोच घेतलेलं हेच पत्र. कायद्याने आधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण दुकानदाराला संधी दिली होती आणि ती कोणत्या तारखेला दिली होती, हे त्यावरून एका नजरेत दिसतं.

पुढच्या शनिवारी काकू पुन्हा आल्या. नवं भांडं पिशवीतच होतं. घरी वापरायला काढण्याआधी त्यांना ते भिंगाखाली पाहायचं होतं. खिडकीशी नेलं, काळं कापड धरलं. वरचा स्क्रू स्वच्छ, खालचा स्वच्छ. मग त्यांनी पिशवीतून जॉबशीट काढली आणि विचारलं, "या भांड्याची वॉरंटी आजपासून की मूळ तारखेपासून, ते यावर लिहिलेलं नाही. दुकानात जाऊन लिहून घेऊ ना?" मी हो म्हणेपर्यंत त्यांनी पेन काढलं होतं.